दाराबाहेरच्या चपला आणि घरभरणीचं आमंत्रण

*ताई, नमस्कार. रावेतला आम्ही दोन बेडरूमचं घर घेतलं. पुढच्या महिन्यात रविवारी वास्तुशांत आहे आणि त्याच संध्याकाळी ऑफिसच्या लोकांना जेवायला बोलवायचा विचार आहे. टीममध्ये आम्ही १६ जण. त्यातले चौघं फार अबोल. नांदेडहून नुकताच आलेला एक मुलगा, जो डबा एकटाच खातो. केरळची एक मुलगी. अकाउंट्समधल्या एक मॅडम, त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. आणि एक जण असा, की कुठेही आला तर पंधरा मिनिटांत निघून जातो. माझ्या मुलीच्या बारशाचा मेसेज ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांनी अंगठे दिले, पण हे चौघं आले नाहीत. सोमवारी नांदेडच्या मुलाने काही न बोलता माझ्या टेबलावर पाकीट ठेवलं, आत ५०१ रुपये. मला ते फार लागलं. या वेळी मी असं लिहिलंय : "आमच्या नवीन वास्तूची वास्तुशांत रविवारी आहे. संध्याकाळी सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे. कोणीही चुकवायचं नाही हं! सगळे येणार आहेत." यात काय बदलू?*
*— रावेतहून एक वाचक*

नमस्कार. त्या पाकिटापासूनच सुरुवात करते. ज्याला यायचंच नव्हतं, तो पाकीट भरत नाही. त्या मुलाने बारशाच्या आधी कधीतरी पाकीट आणलं, त्यावर एक रुपयाचं नाणं आहे की नाही ते बघितलं, आत नोट घातली. म्हणजे तो निघाला होता. मध्येच कुठेतरी थांबला. तो कुठे थांबला असेल याचा मला अंदाज आहे, कारण मीही एकदा तशीच थांबले होते.

नोकरी लागून मला चार-पाच महिने झाले होते. ऑफिसातल्या एका वरिष्ठ बाईंनी घरभरणीला बोलावलं. पिशवीत स्टीलचा डबा घेऊन मी बस बदलून त्यांच्या इमारतीपर्यंत गेले, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले. दार उघडंच होतं आणि दाराबाहेर चपलांचा हा ढीग. पंचवीस-तीस जोड तरी असतील. आतून हसण्याचा आवाज येत होता. त्यातला एकही आवाज ओळखीचा वाटेना. आपण आत पाऊल टाकलं की सगळी डोकी दाराकडे वळणार, मग कोणीतरी विचारणार "कोण हवंय?", हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. मी खाली उतरले आणि डबा घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात "बरं नव्हतं" म्हणाले. त्या बाई अगदी प्रेमळ होत्या. त्यांच्या आमंत्रणात आग्रहाची काही कमतरता नव्हती. पण आत कोण असेल, मी कधी आले तर बरं, आल्यावर काय करायचं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं, आणि ते विचारायचं धाडस असतं तर मी आतच गेले असते.

म्हणून तुमचा मेसेज मी त्या जिन्यात उभी राहून वाचला. त्यात आपुलकी भरपूर आहे, माहिती मात्र एकच : रविवार संध्याकाळ. "सहकुटुंब सहपरिवार" हे शब्द पत्रिकेत शोभतात, पण नांदेडचं घर सोडून इथे कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला त्यातून एवढंच कळतं, की बाकीचे जोडीने, मुलाबाळांसह येतील आणि मी एकटा. "कोणीही चुकवायचं नाही" हे तुम्ही लाडाने लिहिलंय. बोलक्या माणसाला तो लाड कळतो. अबोल माणसाला त्यात हजेरी दिसते, आणि यायचं जमलं नाही तर आता खोटं कारण शोधायला हवं, हे ओझं आधीच येऊन बसतं. राहिलं "सगळे येणार आहेत". हे वाक्य मी आधी काढून टाकेन. सगळे येणार असतील तर मी नसले तरी कुणाच्या लक्षात येणार आहे, असं वाटायला त्याने फार सोपं होतं.

शब्द बदलण्याआधी मात्र एक गोष्ट बदला : दिवस. वास्तुशांतीच्या संध्याकाळी ऑफिसच्या लोकांना बोलावू नका. त्या दिवशी पहाटेपासून तुमची धावपळ असेल. पुण्याहवाचन, होम, नैवेद्य, दुपारची पंगत. संध्याकाळी घरात होमाचा धूर रेंगाळलेला असेल आणि हॉलमध्ये गावाहून आलेली आत्या, मावशी, काका बसलेले असतील. ती माणसं जिव्हाळ्यानेच विचारतात, "कुठले तुम्ही? आडनाव काय? लग्न झालं का?" नांदेडच्या मुलासाठी आणि केरळच्या मुलीसाठी त्या सोफ्यावरची दहा मिनिटं मुलाखतीपेक्षा कठीण असतील, आणि तुम्ही स्वयंपाकघरात असल्यामुळे सोडवायलाही येऊ शकणार नाही. शिवाय पूजेच्या घरात पाहुण्याला न विचारता येणारे प्रश्न खूप असतात. पूजेला बसावं लागेल का? तीर्थ कसं घ्यायचं? नमस्कार केला नाही तर वाईट दिसेल का? वेगळ्या धर्माचं किंवा वेगळ्या प्रांताचं कोणी असेल, तर हे प्रश्न दुप्पट होतात.

अकाउंट्सच्या मॅडमचा विचार तर मी सगळ्यात आधी करेन. वास्तुशांतीच्या दिवशी दारात हळदीकुंकवाची कोयरी घेऊन कोणीतरी उभं असतं. यजमान गेलेल्या बाईला त्या दारात काय होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एक तर तो हात त्यांच्यापाशी थबकतो, नाहीतर मुद्दाम "आम्ही नाही हो असलं मानत" म्हणत चारचौघांत कुंकू लावलं जातं. दोन्हीत सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच जातात. तुमच्या बारशाला त्या का आल्या नाहीत हे मी कसं सांगू, पण बारशाला ओटी भरतात, पाळण्यापाशी सवाष्णी लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ऑफिसच्या लोकांसाठी पुढचा शनिवार ठेवा. त्या दिवशी हळदीकुंकू नाही, ओटी नाही. निघताना बाईमाणूस, पुरुषमाणूस सगळ्यांच्या हातात सारखीच पेढ्यांची छोटी पुडी. पूजेचा शिरा शनिवारपर्यंत टिकणार नाही, म्हणून पेढे.

शनिवारी एकच वेळ न देता दोन वेळा द्या. दुपारी साडेचार ते सहा चहा आणि काहीतरी खायला, संध्याकाळी सात ते साडेनऊ जेवण. आमंत्रण सगळ्यांना दोन्ही वेळांचं. गर्दी ज्याला सोसत नाही तो आपणहून चहाची वेळ निवडतो, आणि "मला गर्दी नको" असं त्याला कुणाला सांगावं लागत नाही. चहाला चार-पाच माणसं असतील तर तुम्हालाही त्यांच्याशेजारी बसून बोलता येईल. तुमचं काम थोडं वाढेल, हे कबूल. पण १६ जण आणि त्यांच्या घरचे धरून एका हॉलमध्ये तीस माणसं कोंबण्यापेक्षा ते हलकंच जाईल.

आणि संपायची वेळ लिहाच. आपल्याकडे ती लिहायला संकोच वाटतो, पाहुण्याला "या आणि जा" म्हटल्यासारखं होतं. पण तुमचा तो पंधरा मिनिटांत निघून जाणारा सहकारी बघा. निघायचं कधी हे ठरलेलं नसलं की तो आल्यापासून उठायची संधी शोधत असतो, म्हणून त्याला नीट बसवतही नाही. "सहापर्यंत" असं कळलं, तर तो कदाचित पाऊण तास निवांत बसेल.

आता मेसेज. मी असा लिहीन :

"नमस्कार. आमचं रावेतचं घर तयार झालं. वास्तुशांत घरच्या माणसांत करतोय. आपल्या टीमसाठी वेगळा दिवस ठेवलाय : शनिवार, १४ तारीख. दुपारी साडेचार ते सहा चहा आणि बटाटेवडे, संध्याकाळी सात ते साडेनऊ जेवण. जी वेळ सोयीची असेल ती धरा, अर्धा तास आलात तरी आनंद आहे.

घरी आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई असू, बाकी सगळे आपल्याच ऑफिसचे. पूजा, खेळ, भाषण असं काही नाही. घर बघायचं, खायचं, गप्पा मारायच्या. एकटे या किंवा घरच्या कुणाला बरोबर घेऊन या, दोन्ही चालेल. जेवण शाकाहारी आहे : पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. काही खात नसाल किंवा उपास असेल तर मला सांगा, वेगळं करणं अवघड नाही.

भेटवस्तू, पाकीट काही आणू नका. ऑफिसमध्येही वर्गणी काढायची नाही असं ठरलंय. येणार असाल किंवा नसाल, बुधवारपर्यंत मला वेगळा मेसेज करा, ग्रुपवर नको. नंतर बेत बदलला तरी काही बिघडत नाही. पत्ता आणि गेटचा कोड शुक्रवारी रात्री पाठवते."

मेसेज लांब आहे, आणि लांब मेसेज कोणी वाचत नाही असं तुम्हाला वाटेल. बोलकी माणसं पहिल्या चार ओळी वाचतील आणि "येतोय!" म्हणतील. त्यांच्यासाठी तारीख आणि वेळ वरच आहे, 'आणखी वाचा'च्या खाली जायची त्यांना गरज पडणार नाही. खालचा भाग ज्याच्यासाठी लिहिलाय तो दोनदा वाचेल. त्यातल्या कुठल्याही वाक्यात "लाजू नका", "संकोच करू नका" असं नाही, हे मुद्दाम. संकोच करू नका म्हटल्याने कुणाचा संकोच गेलेला मी पाहिला नाही. उलट आपण बुजरे आहोत हे सगळ्यांना दिसतंय, एवढंच त्याला कळतं.

"पूजा, खेळ, भाषण असं काही नाही" हे लिहायला विसरू नका, आणि लिहिलं की पाळाही. हल्ली घरभरणीला तंबोला खेळतात, "प्रत्येकाने घराबद्दल दोन शब्द बोला" म्हणतात. ज्याने तुमच्या शब्दावर विसंबून यायचं ठरवलं, त्याच्या हातात तिथे माइक आला तर तो पुन्हा कधी येणार नाही.

भेटवस्तूंबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथेच चांगले चांगले मेसेज फसतात. "आहेर आणू नये" ही ओळ आपण इतक्या पत्रिकांत वाचलीय की ती कोणी खरी मानत नाही. बोलकं माणूस ती वाचून रिकाम्या हाताने येतं आणि हसत सांगतं, "तुम्हीच लिहिलं होतं!" अबोल माणूस मात्र आदल्या रात्री जागतो. सगळे खरंच काही आणणार नाहीत, की मी एकटाच मोकळ्या हाताने जाईन? "आणायचंच असेल तर एखादं रोप आणा" असं लिहून तो पेच सुटत नाही, आता रोप कुठलं आणि केवढ्याचं हा नवा प्रश्न उभा राहतो. म्हणून वर्गणीची ओळ घातली आहे. तुमच्या ऑफिसात वर्गणी कोण गोळा करतं ते तुम्हाला माहीत असेलच. मेसेज टाकण्याआधी त्या व्यक्तीशी बोला, नाहीतर ते वाक्य खोटं ठरेल आणि कुणी किती दिले याची यादी टेबलाटेबलांवर फिरेल. तरीही कोणी काही आणलं तर "अहो कशाला!" असा गजर न करता घ्या, आतल्या खोलीत ठेवा, सगळ्यांसमोर उघडू नका.

ग्रुपवर उत्तर नको असं का म्हटलं, ते बारशाच्या अंगठ्यांनी तुम्हाला दाखवलंच आहे. ग्रुपवर पहिल्या पाच मिनिटांत सात अंगठे आले की आठव्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. तो अंगठा देतो आणि येत नाही. व्हॉट्सॲपवर पोल टाकला तरी तेच, कोणी काय निवडलं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं. ब्रॉडकास्ट लिस्टही वापरू नका : ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही, आणि नवीन आलेल्या मुलाने तो केलेला नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. वेगळ्या मेसेजमध्ये "नाही" म्हणणं सोपं असतं, आणि "नाही" म्हणता येतं हे दिसल्यावरच "हो" खरं होतं. स्वयंपाकाचं माणूस दोन दिवस आधी आकडा मागेल, म्हणून बुधवार. त्या आकड्यात तीन माणसं वाढवून सांगा, म्हणजे आयत्या वेळी धीर करून आलेल्याला ताट वाढताना तुमच्या चेहऱ्यावर काही उमटणार नाही.

केरळच्या मुलीला मराठी वाचता येत नसेल, तर मराठी मेसेजखाली तोच मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत पूर्ण टाका. नुसती तारीख आणि पत्ता नको. सगळा जिव्हाळा मराठीत आणि तिच्या वाट्याला फक्त गेट नंबर, असं होऊ देऊ नका.

ग्रुपवर मेसेज टाकल्यावर दोन दिवसांनी या चौघांना एकेक वेगळा मेसेज करा. त्यात आमंत्रणाची पुनरुक्ती नको. एकच नेमकी सोय सांगा. नांदेडच्या मुलाला मी असं लिहीन :

"शनिवारी आपल्या टेस्टिंगचे दोघं आकुर्डी स्टेशनहून सव्वाचारला गाडीने येणार आहेत, गाडीत एक जागा आहे. त्यांच्याबरोबर येतोस का? नाही जमलं तरी सांग, मला काही वाटणार नाही."

अर्थात आधी त्या दोघांना विचारून. माझ्या त्या जिन्यात माझ्याबरोबर कोणीही एक ओळखीचं माणूस असतं तरी मी आत गेले असते. दारातून एकट्याने आत शिरायचे ते दहा सेकंद कुणाच्या तरी सोबतीने गेले, की पुढचं बरंचसं आपोआप होतं. जोडीला द्यायचं माणूस निवडताना ऑफिसातलं सगळ्यात बडबडं माणूस निवडू नका. गाडीत गप्प बसलेलं चालतं असं माणूस हवं.

मॅडमना मेसेजपेक्षा फोन करा. "तुम्ही चहाला याल का? सासूबाईंनाही तुमच्याशी बोलायला आवडेल" एवढं पुरे. वयाने जवळचं कोणीतरी घरात आहे हे कळलं की तरुण मुलांच्या घोळक्यात आपण कुठे बसायचं, हा त्यांचा प्रश्न सुटतो. पंधरा मिनिटवाल्याला मात्र काही वेगळं करू नका, त्याला दोन वेळांचा मेसेज पुरेल. त्याच्यामागे लागलात तर तो पाच मिनिटांवर येईल. एखाद्याला काम देऊन गुंतवावं असंही सुचेल. दिलं तर आधी विचारून आणि छोटं द्या, येताना बर्फ आणणं किंवा फोटो काढणं. जो आला तो अख्खी संध्याकाळ ताटं उचलत राहिला, असं होऊ नये.

शुक्रवारी रात्रीच्या मेसेजला लोक फार हलकं समजतात. रावेतच्या नव्या सोसायट्यांत लोकेशनची पिन बरेचदा मागच्या बंद गेटवर नेते. मग पाहुणा पुढच्या गेटवर येतो, सुरक्षारक्षक ॲपवरून तुम्हाला परवानगी मागतो, तुमचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि तुम्ही वडे तळताय. गेटवर पाच मिनिटं उभं राहून पुन्हा फोन करायचा, हे ज्याला जमत नाही तो रिक्षा परत फिरवतो. म्हणून ॲपमध्ये सगळ्यांची नोंद आधीच करून कोड पाठवा, मुख्य गेटचा फोटो पाठवा आणि खाली लिहा : "बी विंग, सातवा मजला, लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावीकडे. दार उघडंच असेल, बेल वाजवायची गरज नाही. चपला ठेवायला आत रॅक आहे." ही शेवटची ओळ तुम्हाला फालतू वाटेल. माझ्यासाठी म्हणून ठेवा. आणि शक्य असेल तर साडेचार ते पाच दाराजवळची खुर्ची तुमच्या यजमानांना द्या, म्हणजे जो येईल त्याला पहिला चेहरा घरच्या माणसाचा दिसेल आणि तो त्याला नावाने हाक मारेल. टीममधल्या बाकी १५ जणांची नावं त्यांच्याकडून पाठ करून घ्या. स्वागत करताना "अरे वा, आज चक्क तू!" असं कोणी म्हणू नये, हेही सांगून ठेवा. तेवढ्या शब्दांत त्याची आधीची सगळी गैरहजेरी मोजली जाते.

एवढं करूनही चौघांतले एक-दोन येणार नाहीत, असं धरून चला. त्या आठवड्यात त्यांना दुसरी आठवण करून देऊ नका, शनिवारी दुपारी "निघालास का?" असा फोनही नको. सोमवारी त्यांच्या टेबलावर बाकीच्यांसारखीच पेढ्यांची पुडी ठेवा आणि "घर लागलं बघ एकदाचं" एवढं म्हणून पुढे जा. का आला नाहीत, हे विचारू नका. आणि नांदेडच्या मुलाने पुन्हा पाकीट पुढे केलं तर ते परत करून त्याला म्हणा, "हे राहू दे, एखाद्या दिवशी ऑफिस सुटल्यावर चहाला ये, फक्त आम्ही घरचेच असू." आणि तिथल्या तिथे त्याला दोन वार सांगा, म्हणजे त्याला त्यातला एक निवडता येईल.